सेलचा विभव आणि संहतीतला बदल: गणित नेमकं कोणत्या पायरीवर चुकतं

विद्युतरसायनाच्या उत्तरपत्रिका तपासताना एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा दिसते. नर्न्स्टचं समीकरण बहुतेकांना तोंडपाठ असतं, आकडेमोडही बरोबर असते, तरी उत्तर चुकतं. समीकरणात घालायचे आकडे आधीच्या पायऱ्यांवर बिघडलेले असतात, म्हणून हे होतं. या लेखात एकच सेल घेऊन सुरुवातीपासून शेवटपर्यंत जाऊ.

```
Zn(s) | Zn²⁺(0.10 M) || Ag⁺(0.010 M) | Ag(s)
E°(Zn²⁺/Zn) = −0.76 V
E°(Ag⁺/Ag)  = +0.80 V
तापमान 25 °C
```

प्रश्न असा: या सेलचा विभव काढा. मग सिल्व्हर आयनांची संहती दहापट कमी केली, तर विभव किती बदलेल ते सांगा.

पहिल्या भागाचं बरोबर उत्तर 1.47 व्होल्ट आहे. चुकीची उत्तरं मात्र ठरावीकच येतात: 1.38, 1.65, 2.27 आणि −0.05. यातलं प्रत्येक उत्तर एका ठरावीक चुकीतून येतं. पुढे जाता जाता चारही उत्तरांचा उगम दाखवतो. तुमच्या वहीत यातला एखादा आकडा आला असेल, तर कुठे परत जायचं ते लगेच कळेल.

## 1. तयारी: आकडे घेण्याआधी माहिती मांडा

कागदावर दोन ओळी लिहा. दोन्ही अर्ध-अभिक्रिया क्षपणाच्या दिशेने लिहायच्या, म्हणजे इलेक्ट्रॉन डावीकडे.

```
Ag⁺ + e⁻  → Ag     +0.80 V
Zn²⁺ + 2e⁻ → Zn    −0.76 V
```

तक्त्यात दिलेले विभव क्षपणाचेच असतात, म्हणून आपणही तसंच लिहायचं. या टप्प्यावर एकही चिन्ह उलटं करू नका. झिंकचं ऑक्सिडीकरण होणार हे ठाऊक असलं, तरी इथे −0.76 हे −0.76 च राहू द्या.

मग प्रत्येक आयनाची संहती शेजारी टिपून ठेवा. इथे एक फसवी जागा आहे. प्रश्नात क्षाराची संहती दिलेली असते आणि समीकरणात जाते ती आयनाची. सिल्व्हर नायट्रेट 0.010 M असेल तर सिल्व्हर आयनही 0.010 M. पण अ‍ॅल्युमिनिअम सल्फेट, Al₂(SO₄)₃, 0.05 M दिलं असेल तर अ‍ॅल्युमिनिअम आयन 0.10 M होतात, कारण एका सूत्रात ते दोन आहेत. आकारमान आणि मोल दिले असतील, तर भागाकार करून मोलरता आत्ताच काढून ठेवा.

झिंकची पट्टी आणि चांदीची तार यांच्यापुढे काहीही लिहायचं नाही. घन पदार्थाचं वजन किंवा आकार विभवाच्या सूत्रात कुठेच येत नाही. प्रश्नात "10 ग्रॅम झिंकची पट्टी" असं दिलं असेल, तर ती माहिती सेल किती वेळ चालेल यासाठी आहे, विभवासाठी नाही.

पडताळा: कागदावर दोन क्षपण अर्ध-अभिक्रिया, दोन चिन्हांसकट विभव, दोन आयन-संहती आणि तापमान आहे का? असेल तरच पुढे जा.

## 2. कॅथोड कोणता, अ‍ॅनोड कोणता

सेल रेघांच्या पद्धतीने लिहून दिला असेल, तर डावीकडे अ‍ॅनोड आणि उजवीकडे कॅथोड. अ‍ॅनोडवर ऑक्सिडीकरण, कॅथोडवर क्षपण. फक्त दोन इलेक्ट्रोड दिले असतील, तर ज्याचा क्षपण विभव जास्त तो कॅथोड धरून सुरुवात करा. इथे 0.80 हा −0.76 पेक्षा मोठा, म्हणून चांदी कॅथोड.

मराठीतून शिकलेल्यांचा इथे एक खास घोटाळा होतो. शाळेत आपण अ‍ॅनोडला धनाग्र आणि कॅथोडला ऋणाग्र म्हणतो. ती नावं विद्युत अपघटनाच्या वेळी चपखल बसतात, कारण तिथे अ‍ॅनोड बॅटरीच्या धन टोकाला जोडलेला असतो. आपल्या सेलमध्ये उलट आहे. झिंक इलेक्ट्रॉन सोडतं, ते बाहेरच्या तारेत ढकलले जातात, म्हणून अ‍ॅनोड हे या सेलचं ऋण टोक असतं. "धनाग्र म्हणजे धन विभवाचा" असं समजून चांदीला अ‍ॅनोड करणारी मुलं मी दरवर्षी पाहतो. म्हणून या गणितांपुरते धनाग्र-ऋणाग्र हे शब्द बाजूला ठेवा आणि ऑक्सिडीकरण कुठे, क्षपण कुठे एवढंच विचारा.

आणखी एक सूचना. सेल रेघांनी लिहून दिला असेल, तर बाजू स्वतःहून बदलू नका. दिलेल्या क्रमानेच विभव काढा. उत्तर ऋण आलं तर ते चुकलेलं नाही. अभिक्रिया प्रत्यक्षात उलट दिशेने चालते, एवढाच त्याचा अर्थ.

## 3. प्रमाण विभव: एकच वजाबाकी

```
E°(सेल) = E°(कॅथोड) − E°(अ‍ॅनोड)
        = 0.80 − (−0.76)
        = 1.56 V
```

दोन्ही विभव तक्त्यात आहेत तसेच घ्यायचे. वजाबाकीतच अ‍ॅनोडचं चिन्ह बदलतं. काही जण ऑक्सिडीकरणासाठी झिंकचं चिन्ह आधी बदलून +0.76 करतात आणि मग हेच सूत्र वापरतात. म्हणजे 0.80 − 0.76 = 0.04 व्होल्ट. पुढे यातून −0.05 हे उत्तर निघतं. चिन्ह बदलून बेरीज करा किंवा न बदलता वजाबाकी करा, उत्तर एकच येतं. पण दोन्ही एकदम केलं की गणित बुडतं. मी वजाबाकीचीच सवय लावायला सांगतो, कारण तिथे चिन्हाला हात लावावाच लागत नाही.

इशारा: चांदीची अर्ध-अभिक्रिया पुढे दोनाने गुणावी लागणार आहे. विभवाला मात्र दोनाने गुणायचं नाही. 2 × 0.80 = 1.60 घेतलं की प्रमाण विभव 2.36 होतो आणि शेवटी 2.27 हे उत्तर मिळतं.

असं का, हे एकदा नीट समजून घ्या, म्हणजे पुन्हा शंका राहणार नाही. व्होल्ट म्हणजे दर कूलॉममागे किती ज्यूल. अभिक्रिया दुप्पट लिहिली की मिळणारी ऊर्जा दुप्पट होते, पण वाहणारा प्रभारही दुप्पट होतो. दोघांचा भागाकार तोच राहतो. ΔG = −nFE या सूत्रात दुपटीचा सगळा भार n उचलतो, E जागचा हलत नाही.

## 4. संतुलित समीकरण आणि n: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

ही पायरी वगळून थेट सूत्रात उडी मारणाऱ्यांची संख्या फार मोठी आहे, आणि माझ्या पाहण्यात बहुतेक चुका इथेच होतात. आयनांचं संपूर्ण समीकरण लिहा. झिंक दोन इलेक्ट्रॉन सोडतं, चांदीचा एक आयन एकच घेतो, म्हणून चांदीचे दोन आयन लागतात.

```
Zn → Zn²⁺ + 2e⁻
2Ag⁺ + 2e⁻ → 2Ag
-------------------------------
Zn + 2Ag⁺ → Zn²⁺ + 2Ag      n = 2
```

बेरीज करताना दोन्ही बाजूंचे जे इलेक्ट्रॉन कटले, तीच n ची किंमत. इथे दोन कटले, म्हणून n = 2. दोन अर्ध-अभिक्रियांतल्या इलेक्ट्रॉनांची बेरीज करून 3 लिहू नका. चांदीचा एक म्हणून 1 ही लिहू नका.

आता या पायरीतला गाभा. n आणि पुढच्या पायरीतले घातांक हे दोन्ही एकाच लिहिलेल्या समीकरणातून यायला हवेत. समीकरण निम्मं करून लिहिलं तरी चालतं, पण मग सगळंच निम्मं करावं लागतं.

```
½Zn + Ag⁺ → ½Zn²⁺ + Ag      n = 1
```

यातून येणारं उत्तर वरच्या समीकरणाइतकंच येतं का, ते पुढे पडताळून पाहू. गडबड होते ती मिश्रणाने: n = 1 चांदीकडून घेतला आणि घातांक दोनवाल्या समीकरणातून घेतले, की 1.38 हे उत्तर तयार.

पडताळा: लिहिलेल्या समीकरणात दोन्ही बाजूंचे अणू मोजा, मग प्रभार मोजा. डावीकडे +2, उजवीकडे +2. जुळलं.

## 5. अभिक्रिया भागाकार Q

उजवीकडचे वर, डावीकडचे खाली, प्रत्येकाला त्याच्या सहगुणकाचा घात. घन झिंक आणि चांदी यांच्या जागी 1.

```
Q = [Zn²⁺] / [Ag⁺]²
  = 0.10 / (0.010)²
  = 0.10 / 0.00010
  = 1000
log Q = 3
```

कॅल्क्युलेटरवर छेदाला कंस घालायला विसरू नका. वर्ग करायचं राहून गेलं तर Q = 10 येतो, log Q = 1 होतो आणि विभव 1.53 येतो. हे उत्तर दिसायला इतकं साधं आणि पटण्यासारखं असतं की चूक ध्यानातही येत नाही.

Q उलटा मांडला, म्हणजे चांदी वर आणि झिंक खाली, तर log Q = −3 होतो आणि 1.65 व्होल्ट मिळतात. ही चूक ओळखण्याची खूण पुढच्याच पायरीत आहे.

वायूचा इलेक्ट्रोड असेल तर वायूच्या जागी बारमधला दाब येतो आणि द्रावणातल्या आयनाची मोलरता. हायड्रोजन इलेक्ट्रोडच्या गणितात 2H⁺ असल्यामुळे [H⁺] चा वर्ग लागतो. चांदीचा वर्ग विसरणारे तिथेही हमखास विसरतात.

## 6. आधी अंदाज बांधा, मग आकडे घाला

आकडेमोडीआधी एक ओळ लिहायची सवय लावून घ्या: विभव प्रमाण विभवापेक्षा कमी येणार की जास्त?

विचार असा करायचा. सिल्व्हर आयन अभिक्रियाकारक आहेत आणि ते 1 M पेक्षा बरेच कमी आहेत. अभिक्रियाकारक कमी, म्हणजे पुढे जाण्याची ओढ कमी, विभव कमी. झिंक आयन उत्पादित आहेत आणि तेही 1 M पेक्षा कमी आहेत. उत्पादित कमी, म्हणजे ओढ जास्त, विभव जास्त. दोघं उलट दिशांना खेचतात. पण चांदीची संहती जास्त खाली आहे आणि तिच्यावर वर्ग आहे, म्हणून तिचंच चालणार. उत्तर 1.56 पेक्षा कमी यायला हवं. Q उलटा मांडणाऱ्याचं 1.65 इथेच पकडलं जातं.

आता सूत्र:

```
E = E° − (0.0592 / n) log Q
  = 1.56 − (0.0592 / 2) × 3
  = 1.56 − 0.0888
  = 1.4712 V ≈ 1.47 V
```

निम्म्या समीकरणाचा पडताळा आता घेऊ. तिथे n = 1 आणि Q = (0.10)^½ / 0.010 = 31.6, ज्याचा लॉग 1.5. म्हणून 0.0592 × 1.5 = 0.0888. तोच आकडा, तंतोतंत. शंका आली की हा पडताळा एका मिनिटात होतो.

0.0592 बद्दल दोन शब्द. हा आकडा म्हणजे 2.303RT/F, आणि तो 25 °C लाच लागू आहे. काही पुस्तकांत 0.059 किंवा 0.0591 छापलेलं असतं. प्रश्नात जो दिला असेल तो वापरा, फरक शेवटच्या अंकात पडतो. हा गुणक दशमान लॉगसाठी आहे. कॅल्क्युलेटरवर `ln` दाबून 0.0592 ने गुणलं, तर दुसरं पद 2.3 पटीने फुगतं. नैसर्गिक लॉग घ्यायचाच असेल तर 0.0257 वापरा. तापमान वेगळं असेल तर गुणकही वेगळा: 310 केल्विनला तो 0.0615 होतो. E° सुद्धा तापमानाबरोबर बदलतो, त्यामुळे त्या तापमानाची E° ची किंमत प्रश्नात दिली आहे का ते पाहा.

पडताळा: साध्या संहतींच्या गणितात E आणि E° मधला फरक सहसा काही शतांश ते एक-दोन दशांश व्होल्ट एवढाच असतो. अर्ध्या व्होल्टचा फरक आला तर आधी n, घात आणि लॉगचा प्रकार तपासा.

## 7. संहती बदलली तर

दुसऱ्या भागासाठी पुन्हा पहिल्यापासून गणित करायची गरज नाही. दोन्ही वेळचं सूत्र लिहून वजाबाकी केली की E° कटून जातो.

```
E₂ − E₁ = −(0.0592 / n) log(Q₂ / Q₁)
```

म्हणजे Q किती पट झाला एवढंच पाहायचं.

फक्त चांदीची संहती दहापट कमी केली. [Ag⁺] = 0.0010 M. छेदात वर्ग आहे, म्हणून Q शंभरपट वाढतो. log 100 = 2. विभव 0.0296 × 2 = 0.0592 ने घटतो आणि 1.412 व्होल्ट होतो. प्रश्नाचं उत्तर इथे संपतं.

फक्त झिंकची संहती दहापट कमी केली. Q दहापट घटतो. विभव 0.0296 ने वाढतो, 1.501 व्होल्ट.

हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. तेवढ्याच पटीचा बदल, पण चांदीचा परिणाम दुप्पट. एका आयनामागे जितके कमी इलेक्ट्रॉन, तितका विभव त्याच्या संहतीला जास्त हळवा. एक प्रभाराच्या आयनामागे दर दहापटीला 59 मिलिव्होल्ट, दोन प्रभाराच्या आयनामागे 30. हे दोन आकडे डोक्यात असले की बरीच गणितं तोंडी सुटतात.

दोन्ही बाजूंत पाणी घालून दोन्ही संहती दहापट कमी केल्या. "दोन्हीकडे सारखंच विरळ केलं, म्हणजे फरक पडणार नाही" हे उत्तर अनेक जण विचार न करता लिहितात. डॅनिएल सेलमध्ये ते खरं आहे, कारण तिथे झिंक आणि कॉपर दोघांचाही घात एकच आहे. इथे Q = 0.010 / (0.0010)² = 10⁴, म्हणजे पूर्वीच्या दहापट. विभव 0.0296 ने घटून 1.442 होतो. घात वेगळे असले की सारखं विरळ करणंही तटस्थ राहत नाही.

सेल चालू ठेवून सिल्व्हर आयन 0.0010 M पर्यंत खाली आले. हा प्रश्न विरळ करण्याच्या प्रश्नासारखा दिसतो, पण तसा नाही. इथे चांदी खर्च होते तेव्हा झिंक तयार होतं. दोन्ही द्रावणांचं आकारमान सारखं धरलं तर चांदी 0.0090 M ने घटली, म्हणून झिंक त्याच्या निम्म्याने, 0.0045 M ने वाढलं. आता [Zn²⁺] = 0.1045 M, log Q = 5.02 आणि विभव 1.411 व्होल्ट. झिंक मुळातच भरपूर होतं म्हणून फरक नगण्य पडला. पण दोन्ही संहती जवळपास सारख्या असत्या तर झिंकची वाढ सोडून देणं महागात पडलं असतं. "विरळ केलं" आणि "सेल चालला" यातलं काय लिहिलं आहे, ते प्रश्नात दोनदा वाचा.

चांदीच्या बाजूला सोडियम क्लोराइड घातलं. अवघड प्रश्न बहुधा या रूपात येतो. इथे पाणी घालायचं नसतं, तरी संहती कोसळते, कारण सिल्व्हर क्लोराइडचा पांढरा अवक्षेप खाली बसतो. समजा अवक्षेप झाल्यावर द्रावणात क्लोराइड 0.10 M उरलं. 25 °C ला AgCl चा विद्राव्यता गुणाकार 1.8 × 10⁻¹⁰.

```
[Ag⁺] = 1.8×10⁻¹⁰ / 0.10 = 1.8×10⁻⁹ M
Q = 0.10 / (1.8×10⁻⁹)² = 3.1×10¹⁶
log Q = 16.49
E = 1.56 − 0.0296 × 16.49 = 1.07 V
```

इथे E आणि E° मधला फरक जवळजवळ अर्धा व्होल्ट आला. वरच्या पडताळ्यात मी "साध्या संहतींच्या गणितात" म्हटलं होतं ते याचसाठी. अवक्षेप किंवा जटिल आयन तयार होत असेल, तर मोठा फरक खरा असू शकतो. या गणितात नेहमीची चूक म्हणजे घातलेल्या क्लोराइडची संहती वापरणं. त्यातलं काही अवक्षेपात गेलेलं असतं. गुणाकारात उरलेलं क्लोराइड घ्यायचं.

## 8. बदलामुळे दिशाच उलटली तर

E° मोठा असेल तर संहतीच्या साध्या बदलाने चिन्ह बदलत नाही. E° लहान असेल तर मात्र सांभाळा. टिन आणि लेडचा सेल घ्या: क्षपण विभव −0.14 आणि −0.13, म्हणून लेड कॅथोड आणि E° फक्त 0.01 व्होल्ट. [Sn²⁺] = 1.0 M आणि [Pb²⁺] = 0.0010 M असेल तर log Q = 3.

```
E = 0.01 − 0.0296 × 3 = −0.079 V
```

ऋण उत्तर आलं म्हणून घाबरून चिन्ह खोडू नका. या संहतींना लिहिलेली अभिक्रिया उलट चालेल: टिनचं क्षपण होईल आणि लेडचं ऑक्सिडीकरण. दिशा ठरवायची असेल तर E कडे पाहायचं, E° कडे नाही. दोन क्षपण विभव एकमेकांच्या इतके जवळ दिसले, की दुसऱ्या टप्प्यातली "मोठा तो कॅथोड" ही निवड तात्पुरती समजा.

## 9. उलट गणित: विभव दिला, संहती काढा

समजा आपल्या सेलचा मोजलेला विभव 1.50 व्होल्ट आहे, [Zn²⁺] = 0.10 M आहे आणि [Ag⁺] काढायचं आहे. इथे घाईने आकडे घालण्यापेक्षा आधी log Q मोकळा करा.

```
log Q = (E° − E) × n / 0.0592
      = (1.56 − 1.50) × 2 / 0.0592 = 2.03
Q = 10^2.03 ≈ 106
[Ag⁺]² = 0.10 / 106 = 9.4×10⁻⁴
[Ag⁺] = 0.031 M
```

इथे दोन चुका नेहमी होतात. एक म्हणजे शेवटचं वर्गमूळ काढायचं राहतं आणि 0.00094 M हेच उत्तर म्हणून लिहिलं जातं. दुसरी, `10^x` ऐवजी `e^x` वापरलं जातं. उत्तर मिळाल्यावर ते मूळ सूत्रात परत घालून 1.50 येतं का, ते बघा. आणि तर्कानेही तपासा: विभव 1.47 चा 1.50 झाला, म्हणजे चांदी 0.010 पेक्षा जास्त असली पाहिजे. 0.031 जास्त आहे, म्हणून दिशा बरोबर.

या उलट गणितात एक मर्यादा लक्षात ठेवा. विभवातली एक मिलिव्होल्टची चूक सिल्व्हर आयनांच्या संहतीत सुमारे 4 टक्क्यांची होते, कारण घातांक ती चूक फुगवतो. E° दोनच दशांश स्थळांपर्यंत घेतला, तर त्यात 5 मिलिव्होल्टची अनिश्चितता आहेच, म्हणजे संहतीत जवळपास 20 टक्क्यांची. त्यामुळे 0.0306540 असं लांबलचक उत्तर लिहू नका. 0.031 M पुरे.

प्रयोगशाळेत प्रत्यक्ष मोजताना आणखी एक तफावत दिसेल. सूत्रात खरं तर आयनांची सक्रियता यायला हवी आणि आपण तिच्या जागी मोलरता घालतो. विरळ द्रावणात हे चालून जातं. 0.10 M इतक्या द्रावणात, आणि विशेषतः दोन प्रभाराच्या आयनांसाठी, सक्रियता मोलरतेपेक्षा बरीच कमी असते. म्हणून व्होल्टमीटरवरचा आकडा आणि वहीतला आकडा यांत काही मिलिव्होल्टचा फरक असला, तर आधी गणितात चूक शोधत बसू नका. फरक दशांश व्होल्टच्या घरात गेला, तर मात्र चौथ्या टप्प्यावर परत जा आणि n व घातांक एकाच समीकरणातून आले आहेत का ते पाहा.